रोज मैदानात खेळणाऱ्या मुलीचा चष्मा: काच, फायबर की पॉलीकार्बोनेट?

प्रश्न: "मुलगी ९ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना −२.५० नंबर. रोज संध्याकाळी सोसायटीच्या मैदानात दीड-दोन तास टेनिस बॉलने क्रिकेट, नाहीतर लगोरी. दुकानदार म्हणतात फायबर अनब्रेकेबलच असतं, पॉलीला उगाच दुप्पट पैसे कशाला. सासरे म्हणतात काचेचा घ्या, ओरखडा पडत नाही. कोणाचं ऐकू?"

तुमच्या मुलीसाठी पॉलीकार्बोनेट घ्या. ते पूर्ण रिमच्या फ्रेममध्ये बसवा आणि मध्यभागी निदान २ मि.मी. जाडीचं मागा. नंबर जास्त असता, खेळ सीझन बॉलचा असता किंवा एक डोळा कमजोर असता, तर माझं उत्तर थोडं बदललं असतं. ते पुढे येईलच.

दुकानदार आणि सासरे दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. फायबर काचेइतकं सहज फुटत नाही आणि काचेवर ओरखडे खरोखरच कमी पडतात. पण दोघांच्याही डोक्यात चष्मा किती दिवस टिकेल हा हिशोब आहे. खेळणाऱ्या मुलाचा चष्मा ठरवताना मी आधी वेगळं विचारते: चेंडू लागून भिंग फुटलंच, तर ते कसं फुटेल आणि तुकडे कुठे जातील? भिंगाची मागची बाजू डोळ्यापासून जेमतेम १२ ते १४ मि.मी. अंतरावर असते. एवढ्या अंतरात पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

चेंडू समोरून येऊन आदळतो तेव्हा भिंग मागे, म्हणजे डोळ्याच्या दिशेने वाकतं. वाकताना त्याचा पुढचा पृष्ठभाग दाबला जातो आणि मागचा ताणला जातो. काच काय, प्लास्टिक काय, दाब बराच सोसतात. ताण सोसत नाहीत. त्यामुळे चेंडूसारख्या मोठ्या, बोथट वस्तूच्या माराने भिंगाला तडा जातो तो बहुतेक वेळा मागून, डोळ्याच्या बाजूने. आपण ओरखडे बघतो ते पुढच्या बाजूचे. धोक्याचे असतात मागचे, कारण ताणलेल्या पृष्ठभागावर ओरखडा असला की तडा तिथूनच सुरू होतो.

आता तिन्ही पदार्थ या ताणाला काय करतात ते पाहू. काच जवळजवळ लवतच नाही. मर्यादा ओलांडली की एकदम फुटते आणि तिचे धारदार, टोकदार तुकडे होतात. काच टेम्पर करून घेता येते, त्याने ती जास्त मार सोसते, पण टेम्पर केलेल्या काचेवरही ओरखडे पडले की ती ताकद बरीच उतरते. दुकानात ज्याला फायबर म्हणतात ते सीआर-३९ नावाचं प्लास्टिक. ते काचेपेक्षा चिवट असतं, जास्त मार खातं, पण शेवटी तेही तडकतंच. त्याचे तुकडे संख्येने कमी आणि आकाराने मोठे होतात, तरी कडा पापणी कापण्याइतक्या तीक्ष्ण असतात. पॉलीकार्बोनेटचं वागणं मुळातच निराळं आहे. जोराचा मार बसला की ते तडकण्याआधी लवतं, प्रसंगी खळगा पडून तसंच राहतं. त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि माराची ऊर्जा त्यातच खर्ची पडते. भिंग वाया जातं, पण बहुधा अखंड राहतं.

'अनब्रेकेबल' या शब्दामागे कोणती चाचणी असते तेही सांगते. अमेरिकेत रोजच्या चष्म्याच्या भिंगांसाठी १९७० च्या दशकापासून एक चाचणी आहे. सुमारे १६ ग्रॅमची पोलादी गोळी १२७ सें.मी. उंचीवरून भिंगावर सोडतात. भिंग फुटलं नाही की ते पास. तुमचं फायबर नीट बनवलेलं असेल तर ही चाचणी पार करतं. पण त्या गोळीची ऊर्जा भरते जेमतेम ०.२ जूल. मुलीच्या मैदानातला टेनिस बॉल सुमारे ५८ ग्रॅमचा. तो ताशी ६० कि.मी. वेगाने आला, आणि बॅटवरून सुटलेला चेंडू सहज तेवढा येतो, तर त्याची ऊर्जा ८ जूल होते, म्हणजे ४० पट. ही तुलना अगदी तंतोतंत नाही. टेनिस बॉल मऊ असतो, आदळताना दबतो, आणि त्याचा बराचसा जोर भुवई, गालाचं हाड आणि फ्रेम घेतात. तरीही चाचणी पास होणं आणि मैदानात टिकणं यात केवढं अंतर आहे ते यावरून कळावं. कारखान्यात कामगारांना देतात त्या जोराचा मार सोसणाऱ्या सुरक्षा चष्म्यांची चाचणी याहून कडक असते. तिथे ६.३५ मि.मी.ची पोलादी गोळी ताशी सुमारे १६५ कि.मी. वेगाने भिंगावर मारतात. २ मि.मी. पॉलीकार्बोनेट ती सोसतं, म्हणूनच मी जाडीचा आकडा धरून बसते. मायनस नंबरचं पॉलीकार्बोनेट मध्यभागी १ ते १.५ मि.मी. इतकं पातळ करून मिळतं. दिसायला ते छान दिसतं, पण खेळण्यासाठी मी ते घेत नाही.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण तुमच्या समोर नक्की ठेवली जाईल अशी चौथी वस्तू म्हणजे १.५६ इंडेक्सचं भिंग. भिंगाचा पदार्थ प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा म्हणजे इंडेक्स. आज बरेचसे 'ब्लू कट' चष्मे याच भिंगात विकले जातात. ते फायबरपेक्षा थोडं पातळ असतं, म्हणून पालकांना आवडतं. मात्र ते सीआर-३९ पेक्षाही ठिसूळ असतं. माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. वय ११, नंबर −३ च्या आसपास, भिंग १.५६ चं, वर एआरसी कोटिंग, आणि फ्रेम सुप्रा, म्हणजे खाली रिमऐवजी नायलॉनचा दोरा. जवळ उभं राहून क्षेत्ररक्षण करताना टेनिस बॉल थेट चष्म्यावर बसला. भिंगाचे दोन मोठे तुकडे झाले आणि कडेचे काही कपचे उडाले. पापणी कापली, बुब्बुळावरच्या पारदर्शक पडद्याला ओरखडा गेला. तो औषधाने भरून आला, नजर शाबूत राहिली. वडिलांनी तुकडे पुडीत बांधून आणले होते. सुप्रा फ्रेममध्ये दोरा बसण्यासाठी भिंगाच्या कडेला खाच पाडावी लागते. तडा त्या खाचेपासून निघून आडवा गेलेला स्पष्ट दिसत होता. तेव्हा भिंग आधीच ठिसूळ, कडेला खाच, वर कोटिंग, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

कोटिंगचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे पालकांची समजूत उलटी असते. एआरसी, म्हणजे चमक कमी करणारं कोटिंग, ही चांगली गोष्ट आहे. पण ते अतिशय पातळ, कडक आणि ठिसूळ थर असतात. भिंग वाकलं की सगळ्यात आधी तो थर तडकतो, आणि तो तडा खालच्या प्लास्टिकला वाट करून देतो. सीआर-३९ किंवा १.५६ वर एआरसी केलं की त्याची मार सोसण्याची ताकद घटते. पॉलीकार्बोनेटचीही थोडी घटते, पण मुळात हातात एवढी शिल्लक असते की फरक पडत नाही. तेव्हा तुम्हाला एआरसी हवं असेल तर तेही पॉलीकार्बोनेट घेण्याचंच कारण आहे.

पॉलीकार्बोनेटचे दोषही आहेत. पहिला दोष असा की ते मऊ असतं. नुसतं वापरलं तर आठवड्यात धुरकट होईल, म्हणून त्यावर कारखान्यातच हार्ड कोट चढवलेला असतो. तरी ओरखड्यांच्या बाबतीत काच त्याच्या खूप पुढे आहे. सासऱ्यांचा मुद्दा इथे खरा ठरतो. पण ९ वर्षांच्या मुलीचा नंबर बदलत असतो. दर सहा महिन्यांनी ते वर्षाने तपासणी करायची आणि बहुधा भिंगं बदलायचीच, तर काचेचा तो टिकाऊपणा वापरायला मिळतच नाही. ओरखडे पडतात ते मुख्यतः मैदानातली धूळ फ्रॉकच्या टोकाने कोरडी पुसल्याने. आधी नळाखाली धरून धूळ वाहून जाऊ द्यायची, बोटाने साबणाचा थेंब फिरवायचा, मग सुती कापडाने टिपायचं. एवढी सवय लागली तर पॉलीकार्बोनेट नंबर बदलेपर्यंत चांगलं राहतं. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मात्र त्याच्या जवळही नेऊ नका. त्याने पॉलीकार्बोनेट लगेच पांढरं पडतं, बारीक चिरा जातात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवणंही टाळा, उष्णतेने कोटिंगला चिरा पडतात.

दुसरा दोष रंगांच्या कडांचा. पॉलीकार्बोनेट प्रकाशातले रंग जास्त फाकवतं. भिंगाच्या कडेने पाहिलं की खांबाच्या किंवा खिडकीच्या कडेला निळसर-पिवळसर रेघ दिसू शकते. रंग कमी फाकवण्याचा गुण मोजतात त्याला अ‍ॅबे आकडा म्हणतात: काच ५९, सीआर-३९ ५८, पॉलीकार्बोनेट फक्त ३०. आकडा ऐकून घाबरायला होतं, म्हणून तुमच्या मुलीचाच हिशोब करू. ती भिंगाच्या मध्यापासून १ सें.मी. बाजूने पाहत असेल तर तिथला प्रिझम, म्हणजे प्रकाश बाजूला किती वळतो त्याचं माप, होतो अंतर गुणिले नंबर, म्हणजे २.५, आणि त्याला ३० ने भागलं की ०.०८ येतात. साधारण ०.१ च्या पुढे गेलं की माणसाला ते जाणवू लागतं, आणि ती त्याच्या आत आहे. सीआर-३९ मध्ये हेच ०.०४ आलं असतं. फरक आहे, पण तिला दिसणार नाही. हाच नंबर −६ असता तर पॉलीकार्बोनेटमध्ये ०.२ आले असते, आणि तेव्हा मी ट्रायव्हेक्स सुचवलं असतं. ट्रायव्हेक्स मार सोसण्यात पॉलीकार्बोनेटच्या पंगतीला बसतं आणि रंग कमी फाकवतं. मात्र ते सगळीकडे मिळत नाही, महागही पडतं. −२.५० साठी त्याच्या मागे धावायची गरज नाही.

वजनाचंही थोडक्यात. ४४ मि.मी. गोल फ्रेममध्ये, मध्यभागी २ मि.मी. जाडी धरून, तिच्या नंबरच्या दोन भिंगांचं वजन पॉलीकार्बोनेटमध्ये सुमारे ९ ग्रॅम, फायबरमध्ये साडेदहा आणि काचेत २० ग्रॅम होईल. पहिल्या दोन्हींत फरक नगण्य आहे. काचेचा चष्मा मात्र घाम आला की नाकावरून घसरतो, मूल वरच्या कडेवरून बघायला लागतं, आणि धावताना तो आधी काढून खिशात जातो. उन्हाचं म्हणाल, तर पॉलीकार्बोनेट वेगळ्या कोटिंगशिवायच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं. काच आणि साधं सीआर-३९ त्यातला काही भाग आत येऊ देतात. त्यामुळे वेगळ्या 'यूव्ही'चे पैसे इथे द्यावे लागत नाहीत.

भिंगाइतकंच महत्त्व फ्रेमला आहे आणि घरोघरी नेमकं याकडेच दुर्लक्ष होतं. पॉलीकार्बोनेट अखंड राहिलं, पण खोबणीतून निसटून सगळंच्या सगळं डोळ्यावर गेलं, तर फायदा अर्धाच. सुप्रा आणि रिमलेस दोन्ही नकोत. रिमलेसमध्ये भिंगाला भोकं पाडावी लागतात, आणि पॉलीकार्बोनेटला भोकाभोवती कालांतराने चिरा जातात. जाड, पूर्ण रिमची प्लास्टिक फ्रेम घ्या. फार लवचिक, मुरगाळून दाखवतात तशी फ्रेम हौसेने घेतली जाते, पण ती वाकली की भिंग बाहेर उडी मारतं. चष्मा हातात आल्यावर दोन्ही अंगठ्यांनी भिंग पुढून मागे हलकेच दाबून पाहा. जरासुद्धा हललं तर तिथल्या तिथे परत द्या. पॉलीकार्बोनेट घासताना वितळल्यासारखं होतं, म्हणून त्याची कड कापायला मशीनवर वेगळी सेटिंग लागते. सवय नसलेल्या ठिकाणी भिंग लहान कापलं जातं आणि खोबणीत खुळखुळतं, किंवा मोठं राहतं आणि दाबून कोंबलं जातं. तुमच्या दुकानात रोज पॉली बसत नसेल, तर शहरातल्या लॅबमध्ये पाठवायला सांगा. दोन-तीन दिवस जास्त लागतील, लागू द्या. खेळताना मागून एक इलॅस्टिकचा पट्टा लावा.

पैसे पॉलीचे दिले आणि आलं दुसरंच, असं होऊ नये म्हणून भिंगाचं पाकीट मागून घ्या. त्यावर इंडेक्स लिहिलेला असतो: १.५९ म्हणजे पॉलीकार्बोनेट, १.५० किंवा १.४९ म्हणजे सीआर-३९, आणि १.५६ म्हणजे वर सांगितलेलं. पाकीट नसेल तर घरीच एक तपासणी होते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगलच्या एका भिंगातून पाहत गॉगल हळूहळू फिरवा, पडदा काळा होईपर्यंत. आता पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये मुलीचा चष्मा धरा. पॉलीकार्बोनेट साच्यात दाबून बनवतात, त्याचा ताण आत राहिलेला असतो, म्हणून भिंगभर उजळ किंवा रंगीत पट्टे उमटतात. सीआर-३९ आणि १.५६ ची भिंगं काळीच राहतात, फार तर फ्रेम दाबते तिथे कडेला थोडा उजेड दिसतो. पट्टे दिसणं हा भिंगातला दोष नाही, नजरेला त्याचा त्रास होत नाही. मात्र सगळे पट्टे कडेच्या एकाच जागी दाटलेले दिसले, तर तिथे भिंग कोंबून बसवलेलं आहे असं समजा.

आता उत्तर कुठे बदलतं ते. मुलगी पुढे सीझन बॉलकडे वळली तर हा चष्मा पुरेसा नाही. दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाच्या कडक चेंडूपुढे भिंग टिकलं तरी फ्रेम टिकत नाही, तिथे जाळीचं हेल्मेटच हवं, चष्मा त्याच्या आत. बॅडमिंटन, स्क्वॉश असे खेळ असतील तर पॉलीकार्बोनेट भिंगाचा, नंबर घालून मिळणारा स्पोर्ट्स गॉगल घ्यावा. आणि एखाद्या मुलाचा एक डोळा आळशी असेल, म्हणजे चष्मा लावूनही त्या डोळ्याला नीट दिसत नसेल, तर मी खेळ विचारतच नाही. त्याने सकाळपासून रात्रीपर्यंत पॉलीकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्सच वापरायचं, कारण चांगल्या डोळ्याला इजा झाली तर मागे आधार नाही.

समजा हे सगळं वाचूनही या महिन्यात पॉलीकार्बोनेट जमण्यासारखं नाही. तर सीआर-३९ घ्या, पण मध्यभागी २.२ मि.मी. जाडी सांगून, फक्त हार्ड कोटचं, एआरसी न करता, आणि पूर्ण रिमच्या फ्रेममध्ये. काच नको, १.५६ नको. मागच्या बाजूला नखाला लागेल असा ओरखडा पडला की नंबर तोच असला तरी भिंग बदला.